पेज दुकानाचं, ताबा दुसऱ्याकडे: एकटा ॲडमिन निघून गेल्यावर फेसबुक पेज परत कसं मिळवायचं

दुकानाचं फेसबुक पेज एका फ्रीलान्सरने उघडून दिलं. दोन-तीन वर्षं तोच पोस्ट टाकत होता, फोटो चढवत होता, जाहिराती चालवत होता. मग काम थांबलं आणि तो दुसरीकडे गेला. आता पेजवर जुना फोन नंबर आहे, गिऱ्हाइकांचे मेसेज नुसते साचताहेत आणि मालकाला त्यातलं एकही उघडता येत नाही, कारण पेजचा ॲडमिन तो फ्रीलान्सर एकटाच होता.

अशा वेळी मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्या पेजचा पासवर्ड कसा बदलायचा?" या प्रश्नातच बराच वेळ वाया जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो. पेज हे खातं नाही. पेजला फक्त माणसांची एक यादी असते. यादीतला प्रत्येक जण आपल्या वैयक्तिक फेसबुक प्रोफाइलमधून, आपल्याच पासवर्डने आत येतो आणि तिथून पेज चालवतो. त्यामुळे पेज परत मिळवायचं म्हणजे त्या यादीत तुमचं नाव पूर्ण अधिकारासह चढवून घ्यायचं. पुढचे सगळे मार्ग इथेच येऊन मिळतात. प्रश्न एवढाच उरतो की नाव कोण चढवणार: तो फ्रीलान्सर की फेसबुक चालवणारी मेटा कंपनी. फ्रीलान्सरकडून झालं तर काम काही मिनिटांचं असतं. मेटाकडून करून घ्यायचं तर आठवडे जातात आणि खात्री कसलीच नसते. त्याच्याशी तुमचं कितीही बिनसलं असलं तरी आधी त्याच्याच मार्गाने प्रयत्न करावा, असं मी सांगतो ते याचसाठी.

त्याआधी दहा मिनिटं पेजकडे बाहेरून नीट बघा. पेजवर "ॲड फ्रेंड"चं बटण दिसत असेल तर ते पेज नाहीच, दुकानाच्या नावाने उघडलेलं वैयक्तिक प्रोफाइल आहे. प्रोफाइलला मात्र पासवर्ड असतो, तेव्हा तिथे लढाई वेगळी: ते कुठल्या ईमेलवर किंवा फोनवर उघडलंय हे शोधायचं आणि तो ईमेल ताब्यात घ्यायचा. खरंच पेज असेल तर About मध्ये जाऊन Page transparency उघडा. पेज कधी तयार झालं, त्याचं नाव कधी बदललं, ते चालवणारी माणसं कुठल्या देशात आहेत, हे तिथे सगळ्यांना दिसतं. ॲडमिनचं नाव दिसत नाही आणि विचारलं तरी मेटा ते सांगत नाही. तिथेच एक लांबलचक आकडा असतो, Page ID. तो लिहून ठेवा. पेजचं नाव बदलता येतं, पत्ता बदलता येतो, हा आकडा बदलत नाही. भांडण वाढलं आणि कोणी पेजचं नाव बदललं, तर तेच पेज तुमचं होतं हे या आकड्यावरूनच दाखवता येईल. पेजचे, जुन्या पोस्टचे आणि दुकानाचा पत्ता दिसतो त्या भागाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा चष्म्यांचं एक दुकान आहे. मालकीणबाईंचं स्वतःचं फेसबुक प्रोफाइल आहे, पण पेजच्या यादीत त्यांचं नाव नाही. फ्रीलान्सरने शेवटचं काम करून पाच महिने झाले. त्याचं एक बिल थकलंय. बिलाबद्दल दोघांचं मत जुळत नाही आणि बोलणं थांबलंय.

माझ्या मते अशा प्रकरणांतले बहुतेक फ्रीलान्सर चोर नसतात. पेज त्याने आपल्या प्रोफाइलमधून उघडलं कारण तेव्हा तेच सगळ्यात सोपं होतं, आणि काम संपल्यावर हस्तांतर करून द्यायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. नेमकं काय दाबायचं हे माहीत नसल्यामुळेही पुष्कळ जण "करतो, करतो" म्हणत दिवस काढतात. म्हणून पहिला निरोप आरोपाचा नको. त्याचं काम सोपं करून देणारा हवा. आणि थकलेलं बिल त्यात टाळू नका. बाईंनी असा ईमेल पाठवावा:

> नमस्कार, दुकानाच्या फेसबुक पेजवर मला पूर्ण ताबा द्यावा ही विनंती. माझ्या प्रोफाइलची लिंक खाली दिली आहे. तुमच्या प्रोफाइलमधून पेजवर स्विच करून Settings मध्ये Page access उघडा, People with Facebook access समोर Add new दाबा, माझं नाव निवडा, Allow this person to have full control हे बटण चालू करा आणि Give access दाबा. शेवटी तुमचा पासवर्ड विचारला जाईल, तो फक्त तुम्ही टाकायचा आहे, मला सांगायचा नाही. थकलेल्या बिलातल्या ज्या कामाबद्दल आपलं एकमत आहे त्याचे पैसे मी या आठवड्यात देते. उरलेल्याबद्दल वेगळं बोलू. पुढच्या शुक्रवारपर्यंत एवढं करून द्याल का? अडचण आली तर सांगा, फोनवर बोलत बोलत करू.

या मेलमधल्या तीन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, प्रोफाइलची लिंक. एकाच नावाची शेकडो प्रोफाइल असतात आणि घाईत भलत्याच माणसाला पूर्ण ताबा दिला गेला तर ते निस्तरणं फार जड जातं. दोन, ठरावीक तारीख. तीन, हे लेखी आहे. पुढे मेटाकडे जावं लागलं तर "आम्ही रीतसर मागितलं होतं" याचा हाच कागद होतो. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी "आपलं असं असं ठरलं" म्हणून चार ओळी मेल करून टाका.

त्याने ते केलं की बाईंना सूचना येईल आणि ती त्यांना स्वीकारावी लागेल. स्वीकारेपर्यंत काहीच बदललेलं नसतं. कितीतरी ठिकाणी गाडी इथेच अडते: तो म्हणतो दिलं, ह्या म्हणतात मिळालं नाही, आणि आमंत्रण नोटिफिकेशनच्या ढिगाऱ्यात पडून असतं. स्वीकारल्यावर लगेच स्वतः Page access उघडून बघावं. तुमच्या नावाखाली पूर्ण ताबा लिहिलाय की अर्धवट, हे तिथे कळतं. अर्धवट ताब्यात पोस्ट टाकता येतात, मेसेजना उत्तरं देता येतात, जाहिराती करता येतात. पेज आपलंच झालं असं वाटायला एवढं पुरेसं असतं. पण दुसऱ्या कोणाला यादीत घेता येत नाही आणि काढताही येत नाही. टास्क ॲक्सेस नावाचा अधिकार तर याहूनही कमी असतो, त्यात फेसबुकवरून पेजवर स्विचसुद्धा करता येत नाही. साधी परीक्षा अशी: तुमच्या स्क्रीनवर Add new दिसतंय का आणि दुसऱ्या माणसाच्या नावासमोरचे अधिकार बदलता येताहेत का? येत नसतील तर काम अजून झालेलं नाही. त्याला तसं कळवा, राग न करता. ते एकच बटण चालू करायचं राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

ताबा मिळाल्या मिळाल्या फ्रीलान्सरला काढून टाकायची घाईही करू नये. एक तर नव्याने पूर्ण ताबा मिळालेल्या माणसाला काही महत्त्वाचे बदल करण्याआधी काही दिवस थांबावं लागू शकतं. मेटाने हे सुरक्षेसाठी ठेवलंय, बिघाड समजून घाबरायचं कारण नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: यादीखाली आणखी एक थर असतो. तो बघितल्याशिवाय पेज खरोखर तुमचं झालं असं म्हणता येत नाही. "सगळं झालं, आता निवांत" म्हणणारे मालक इथेच फसतात.

हा थर म्हणजे बिझनेस पोर्टफोलिओ. पूर्वी याला बिझनेस मॅनेजर म्हणायचे आणि या धंद्यातले बरेच लोक अजून तेच नाव वापरतात. पेज, जाहिरात खातं, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचं बिझनेस खातं हे सगळं एका छत्रीखाली ठेवायची ही सोय आहे. फ्रीलान्सर पाच-सहा दुकानांची कामं एकाच वेळी करतो, तेव्हा तो बहुधा स्वतःचा एक पोर्टफोलिओ उघडतो आणि सगळ्यांची पेजं त्यात टाकतो. त्याच्या सोयीचं म्हणून ते ठीकच. पण पेज पोर्टफोलिओत दोन तऱ्हांनी असू शकतं. एक मालक म्हणून, दुसरं पाहुणा म्हणून, म्हणजे मालकाने फक्त वापरायची परवानगी दिलेली. एका वेळी एकच पोर्टफोलिओ पेजचा मालक असू शकतो. फ्रीलान्सरचा पोर्टफोलिओ मालक असेल, तर यादीत तुमचं नाव पूर्ण ताब्यासह असूनही वरचा हक्क त्याच्याकडेच राहतो. वरच्या यादीतून त्याचं वैयक्तिक नाव काढलं तरी पोर्टफोलिओच्या वाटेने तो आत येऊ शकतो.

हे ओळखायचं कसं? बाईंनी आपल्या प्रोफाइलमधून business.facebook.com वर जाऊन दुकानाच्या नावाचा स्वतःचा पोर्टफोलिओ उघडावा. त्याला पैसे लागत नाहीत. मग त्याच्या सेटिंगमध्ये Accounts खाली Pages मध्ये जाऊन आपलं पेज जोडायचा प्रयत्न करावा. पेज कुठल्याच पोर्टफोलिओत नसेल तर ते जोडलं जाईल आणि दुकानाचा पोर्टफोलिओ त्याचा मालक होईल, विषय तिथेच संपला. हे पेज आधीच दुसऱ्या व्यवसायाचं आहे अशा अर्थाचा संदेश आला, तर गाठ कुठे आहे ते कळलं.

ती गाठ सोडवताना क्रम चुकवू नये. आधी बाईंचं नाव पेजच्या यादीत थेट हवं. फ्रीलान्सरच्या पोर्टफोलिओमार्फत मिळालेला अधिकार इथे कामाचा नाही. थेट ताबा असल्याची खात्री झाल्यावर फ्रीलान्सरने त्याच्या पोर्टफोलिओच्या सेटिंगमधून ते पेज काढायचं. काढायचं म्हणजे त्याच्या छत्रीखालून बाहेर करायचं, पेज डिलीट करायचं नाही. हा फरक त्याला दोनदा सांगा. पेज बाहेर आलं की बाईंनी लगेच ते स्वतःच्या पोर्टफोलिओत जोडायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे थेट ताबा कोणाकडेच नसताना पेज बाहेर काढलं, तर पोर्टफोलिओतून ज्यांना अधिकार मिळाले होते त्यांचे अधिकार जातात आणि नवाच घोळ उभा राहतो. शक्य असेल तर हे काम दोघांनी फोनवर राहून, आपापल्या स्क्रीनवर एकेक पायरी बोलत करावं. इथे निरोपानिरोपी नको.

कधी कधी पोर्टफोलिओ दुकानाच्याच नावाचा असतो, फक्त त्याचा एकमेव ॲडमिन तो फ्रीलान्सर असतो. नाव बघून मालक निर्धास्त होतो, पण नावाला इथे काही किंमत नाही, यादीला आहे. मात्र सोडवणं उलट सोपं: त्याने बाईंना त्या पोर्टफोलिओत पूर्ण अधिकार द्यायचा. मग आत असलेलं सगळं जागच्या जागी राहतं आणि जाहिरात खात्याचा इतिहासही हातून जात नाही.

हे सगळं झालं समोरचा माणूस उत्तर देतो तेव्हाचं. तो गप्पच असेल तर?

ठरलेली तारीख उलटली की दुसरा मेल पाठवा, पहिल्याहून थोडक्यात. त्याच्या जोडीला तुमच्या नव्या पोर्टफोलिओतून Request access to a Facebook Page हा पर्याय वापरून विनंती पाठवा. ती थेट पेजच्या ॲडमिनला दिसते. तुमचे मेल उघडत नसला तरी फेसबुकवरची विनंती कदाचित त्याच्या नजरेला पडेल, शिवाय मेटाच्याच यंत्रणेत तुमच्या मागणीची नोंद राहते. ओळखीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून निरोप देऊन बघा. त्याचं स्वतःचं प्रोफाइल हॅक झालेलं किंवा बंद पडलेलं असणंही शक्य आहे. तसं असेल तर तो इच्छा असूनही काही करू शकत नाही. त्याने facebook.com/hacked वरून आधी आपलं प्रोफाइल सोडवायला हवं. ते सुटत नसेल तर निदान "हे पेज अमुक दुकानाचं आहे, मी त्यांच्यासाठी ते चालवत होतो, माझा त्यावर हक्क नाही" असं सहीचं पत्र त्याच्याकडून घ्या. पुढच्या टप्प्यावर त्या पत्राइतका भक्कम कागद दुसरा नाही.

पुढचा टप्पा म्हणजे मेटाकडे ॲडमिनच्या वादाची तक्रार. आपल्याच प्रोफाइलमधून लॉगिन करून facebook.com/business/help वरून मदतीचा मार्ग शोधायचा. तिथे प्रतिनिधीशी लेखी बोलायची सोय प्रत्येकाला दिसतेच असं नाही. ज्यांचं जाहिरात खातं चालू आहे त्यांना ती मिळण्याची शक्यता जास्त असते. स्वतःचा पोर्टफोलिओ आधीच उघडायला सांगितला त्याचा इथेही उपयोग होतो. प्रतिनिधी पहिल्यांदा "ॲडमिनशी संपर्क साधा" असंच सांगेल. तेव्हा तुमच्याकडे ते दोन मेल आणि विनंतीची नोंद तयार असते.

मेटा अशा वादात साधारण हे मागते: सरकारी ओळखपत्राची प्रत आणि सहीचं निवेदन. निवेदनात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. तुमचं या पेजशी नातं काय आणि बदल मागायचा तुम्हाला अधिकार कसा. ज्याला काढायचंय त्याच्याशी तुमचं नातं काय होतं आणि ते कधी, कसं संपलं. तुम्हाला नेमकं काय करून हवंय. आणि शेवटी, दिलेली माहिती खरी आहे, खोटी ठरल्यास कायद्याने शिक्षा होऊ शकते याची जाणीव आहे, असं प्रतिज्ञेचं वाक्य. पोलिसांत तक्रार झाली असेल तर तिची प्रत जोडायची.

चष्म्याच्या दुकानाचं निवेदन लिहायचं तर मी ते असं ठेवीन. पहिल्या परिच्छेदात दुकानाचं नोंदणीकृत नाव, पेजचं नाव, पेजची लिंक आणि तो लांब आकडा. दुसऱ्यात मालकीणबाई कोण आणि दुकानाच्या नोंदणीच्या कागदावर त्यांचं नाव कसं आहे. तिसऱ्यात फ्रीलान्सरने कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम केलं, त्याची बिलं आणि पैसे दिल्याच्या पावत्या जोडल्या आहेत, आणि तो नोकर किंवा भागीदार नव्हता. चौथ्यात कुठल्या तारखांना लेखी मागणी केली. पाचव्यात मागणी एका वाक्यात: माझ्या या प्रोफाइलला पेजवर पूर्ण ताबा द्यावा आणि आधीच्या ॲडमिनला काढावं. मग प्रतिज्ञा आणि सही. एक पान पुरे. त्याने किती मनस्ताप दिला, धंद्याचं किती नुकसान झालं, हे त्यात नको. वाचणाऱ्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं की हे पेज या दुकानाचं आहे का आणि ही बाई या दुकानाच्या वतीने बोलू शकते का. जगभरच्या तक्रारी तपासणाऱ्याला सरळ वाचता यावं म्हणून हे निवेदन इंग्रजीतून दिलेलं बरं.

अशा तक्रारी कुठे अडकतात तेही लक्षात घ्या. सगळ्यात जास्त अडकतात नाव न जुळल्यामुळे. नोंदणीच्या कागदावर एक नाव, पाटीवर दुसरं, पेजवर तिसरंच. ओळखपत्रावर बाईंचं एक आडनाव आणि फेसबुक प्रोफाइलवर भलतंच टोपणनाव. आपल्याला हे सगळं एकच आहे हे माहीत असतं, तपासणाऱ्याला नसतं. म्हणून प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्राप्रमाणे आधीच करून घ्या आणि दुकानाची दोन्ही नावं एकत्र दिसतील असा एखादा कागद शोधा: जुनं बिल, पाटीचा फोटो, भाडेकरार. पेजवर जो पत्ता आहे तोच ज्या कागदावर आहे तो कागद सोन्यासारखा जपा. आणि पहिल्या वेळी नकार आला तर तोच अर्ज तसाच पुन्हा टाकू नका. कुठला कागद कमी पडला हे विचारून, तो जोडून, जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन पुढे जा. तेवढं करूनही मेटा "हा तुमचा आपसातला वाद आहे" म्हणून हात वर करू शकते. मग वकिलाकरवी नोटीस हा रस्ता उरतो. ती मेटाला न पाठवता फ्रीलान्सरला पाठवायची. नोटीस मिळाल्यावर पुष्कळ जण कोर्टाच्या आधीच ताबा देऊन मोकळे होतात.

या काळात मालकाच्या हातून होणाऱ्या काही गोष्टी मात्र प्रकरण बिघडवतात. दुकानाच्या कॉम्प्युटरवर फ्रीलान्सरचं प्रोफाइल कधीचं उघडंच राहिलेलं असतं आणि "आपणच त्याच्या प्रोफाइलमधून बटण दाबू या" असा मोह होतो. मी हे कधीच सुचवणार नाही. दुसऱ्याचं वैयक्तिक खातं त्याच्या परवानगीशिवाय वापरणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. ताबा देताना पासवर्ड विचारला जातोच, आणि तो अंदाजाने टाकायला गेलात तर खातं कुलूपबंद होऊ शकतं. मग जो एकमेव माणूस हे दोन मिनिटांत करून देऊ शकला असता तोही बाहेर, आणि आरोपी तुम्ही.

दुसरी चूक म्हणजे ओळखीच्या पन्नास जणांना सांगून पेजची तक्रार करवणं. तक्रारी लागू पडल्या तर पेज बंद होतं, तुम्हाला मिळत नाही. ट्रेडमार्कचंही तसंच. दुकानाच्या नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर त्या हक्काने तक्रार करता येते, पण त्यातून पेज किंवा त्यावरचा मजकूर हटतो. पेज तुमच्या नावावर होत नाही. हे हत्यार शेवटी वापरायचं, पेजवर पाणी सोडायची तयारी झाल्यावर.

आणि हताश मालकांच्या मागे लागणारी एक जमात आहे, तिच्यापासून फार जपा. तुम्ही कुठे मदत मागितली की "मी मेटामध्ये काम करतो, इतके पैसे द्या, पेज आणून देतो" असे मेसेज यायला लागतात. मेटाचा लोगो लावलेल्या खात्यावरून "तुमचं पेज २४ तासांत बंद होणार" असंही येतं. फेसबुक मदत म्हणून सर्चमध्ये सापडणारे फोन नंबरही याच जातीचे. मेटाचा खरा प्रतिनिधी पासवर्ड मागत नाही, फोनवर आलेला कोड मागत नाही आणि पैसेही मागत नाही. यातलं एक जरी मागितलं की बोलणं तिथेच थांबवा. पेज गेलेलं आहेच, त्यात स्वतःचं प्रोफाइलही घालवून बसलेले लोक पाहिले की जीव हळहळतो.

एक गोष्ट तर वाट न बघता आजच करायची. जाहिरातींचे पैसे तुमच्या कार्डावरून जात असतील आणि जाहिरात खातं त्याच्याकडे असेल, तर कार्ड काढून टाकायला सांगा आणि त्याने केलं नाही तर बँकेला सांगून ते कार्ड बंद करून नवं घ्या. जुने खर्च "हे माझे नव्हेत" म्हणून बँकेकडून परत मागू मात्र नका, ते खरोखरच तुमच्या जाहिरातींचे असतील तर. अशा थकबाकीवरून जाहिरात खात्यावर निर्बंध येतात आणि त्याचा त्रास पुढे तुम्हालाच होतो.

ताबा मिळाला असं धरू. थांबायचे दिवस संपले, पेज दुकानाच्या पोर्टफोलिओत आलं. आता आधी दुसऱ्या एका विश्वासू माणसाला पूर्ण ताबा द्या, घरातला असो वा भागीदार, म्हणजे एकाच माणसावर सगळं पुन्हा टांगलेलं राहणार नाही. दोघांच्याही प्रोफाइलला दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. मग फ्रीलान्सरला यादीतून काढा, आणि काढल्याचं त्याला सभ्यपणे कळवाही. नंतर पेजची माहिती एकेक ओळ वाचा. संपर्काचा नंबर, ईमेल, व्हॉट्सॲपचं बटण, वेबसाइटची लिंक यांतलं काहीतरी हमखास त्याच्या नावावर असतं. आपोआप जाणारी उत्तरंही तपासा. पेज परत आल्यावर कित्येक दिवस गिऱ्हाइकांना "मला या नंबरवर फोन करा" असा त्याच्या नंबराचा मेसेज जात राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

इन्स्टाग्राम पेजला जोडलेलं असलं तरी पेजबरोबर ते आपोआप येत नाही. त्याला स्वतःचा पासवर्ड असतो. म्हणून फ्रीलान्सर सहकार्य करत असतानाच, तो लॉगिन असताना, त्यातला ईमेल आणि फोन नंबर दुकानाचा करून घ्या. मग पासवर्ड बदला आणि त्याच्या फोनला जोडलेला सुरक्षा कोड काढून तुमचा लावा. कोड काढायचा राहिला तर नवा पासवर्ड हातात असूनही तुम्ही दाराबाहेरच राहाल.

जाहिरात खात्याचं मात्र वेगळं आहे. ते फ्रीलान्सरच्या पोर्टफोलिओच्या मालकीचं असेल तर पेजसारखं उचलून तुमच्याकडे आणता येत नाही, ते तिथेच राहतं. त्यावर हुज्जत घालत बसू नका. कुठल्या जाहिरातीवर किती खर्च झाला आणि कशाला प्रतिसाद आला याचे अहवाल त्याच्याकडून एक्सेलमध्ये उतरवून घ्या, त्या खात्यातून चालू असलेल्या जाहिराती बंद करायला सांगा आणि दुकानाच्या पोर्टफोलिओत नवं जाहिरात खातं उघडा. पुढे नव्या माणसाला काम द्याल तेव्हा त्याला याच पोर्टफोलिओत बोलवा आणि कामापुरता टास्क ॲक्सेस द्या. पोस्ट टाकायला, मेसेजना उत्तरं द्यायला आणि जाहिराती चालवायला तेवढा पुरतो.